सोडू की राहू?

तिच्या पर्समधून दोन टिपणं निघाली. एक संगणकावर छापलेलं, रंगीत, प्लास्टिकच्या फोल्डरमधलं. दुसरं वहीच्या आखीव कागदावर निळ्या शाईत, रत्नागिरीकडच्या आजोळच्या गुरुजींनी हाताने लिहिलेलं. दोन्हीवर जन्मतारीख तीच, गाव तेच, वेळही तीच. छापील टिपणाप्रमाणे तिला सध्या मंगळाची महादशा चालू होती आणि राहूची पुढल्या वर्षी लागणार होती. गुरुजींच्या कागदाप्रमाणे राहू लागून पाच वर्षं उलटली होती.

छापील टिपणवाल्यांनी सांगितलं होतं, ‘आत्ता काही हालचाल करू नका, राहू लागला की आपोआप मोकळ्या व्हाल.’ गुरुजींचं म्हणणं वेगळं. लग्नच राहूत झालंय, त्यामुळे अशी कुरबुर व्हायचीच. पुढे गुरूची दशा येईल, तोवर सांभाळून घे. राहूची महादशा अठरा वर्षांची असते. म्हणजे अजून तेरा वर्षं सांभाळून घ्यायचं.

ती बत्तीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली. मारहाण नाही, व्यसन नाही, सासरचा जाचही सांगण्यासारखा नाही. नवरा रात्री उशिरा येतो, मोबाइल बघत जेवतो, सुट्टीच्या दिवशी मित्रांकडे जातो. वर्षभरात दोघं एकत्र कुठे गेलेली नाहीत. हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘काकू, सोडू की राहू?’

ज्यांना विचारलं त्या काकू राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या, पुण्यात एरंडवण्यात राहणाऱ्या. नोकरीत असतानाच त्या कृष्णमूर्ती पद्धती शिकल्या, आणि आता आठवड्यातून तीन संध्याकाळी घरीच पत्रिका बघतात. त्यांच्या आणि त्या मुलीच्या परवानगीने मी त्या खोलीत बसलो होतो. मुलीची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, आकडेमोड मात्र जशी झाली तशी ठेवली आहे. माझा स्वतःचा पत्रिकेवर विश्वास नाही, हेही आधीच सांगून टाकतो. पण संसार मोडायचा की नाही हे विचारायला आपल्याकडे माणसं वकिलाकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्याआधी कुठे जातात, हे कोणत्याही पेठेत राहणाऱ्याला माहीत असतं. तिथे त्यांना काय सांगितलं जातं आणि काय सांगितलं जायला हवं, ते बघायला मी गेलो होतो.

काकूंनी दोन्ही टिपणं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, ‘दोघांचंही गणित बरोबर आहे. आता सांग, राहू कुठला धरू?’

हे कसं होतं ते समजून घ्यायला फारसं ज्योतिष यावं लागत नाही. विंशोत्तरी दशा जन्मवेळच्या चंद्रावरून काढतात. आकाशाचे सत्तावीस भाग म्हणजे नक्षत्रं, प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्याच्या स्वामीची दशा जन्मतः चालू असते, आणि त्या नक्षत्रातलं जेवढं अंतर चंद्राने कापायचं राहिलंय तेवढीच त्या दशेची वर्षं वाट्याला येतात. या मुलीचा चंद्र छापील टिपणात मेषेच्या २० अंशांवर होता, म्हणजे भरणी नक्षत्राच्या बरोबर मध्यावर. भरणीचा स्वामी शुक्र, त्याची दशा वीस वर्षांची. अर्धं नक्षत्र उरलंय म्हणून शुक्राची दहा वर्षं. पुढे रवीची सहा, चंद्राची दहा, मंगळाची सात. बेरीज तेहेतीस, आणि तेहेतिसाव्या वर्षी राहू.

आता मेष सुरू कुठे होते, हा प्रश्न येतो. आकाशात तिथे कुणी खुंटी मारून ठेवलेली नाही. वसंतसंपात दरवर्षी थोडा मागे सरकतो, आणि नक्षत्रांचं आरंभस्थान त्याच्यापासून किती पुढे मानायचं यावर एकमत नाही. त्या अंतराला अयनांश म्हणतात. या वादात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. केरो लक्ष्मण छत्रे आणि पुढे लोकमान्य टिळक रेवतीच्या बाजूचे, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांगसुधारणा समितीने चित्रापक्ष घेतला आणि २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला अयनांश ठरवून दिले. सोलापूरचं दाते पंचांग चित्रापक्षाचं आहे. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, आणि म्हणूनच काही वर्षी टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत सण महिनाभर वेगळे पडतात.

गुरुजींचं टिपण टिळक पंचांगाचं होतं. त्यात हाच चंद्र २४ अंशांवर आला. भरणी संपते २६ अंश ४० कलांवर, म्हणजे उरले २ अंश ४० कला, आणि शुक्राची दशा उरली चार वर्षं. चार, सहा, दहा, सात. राहू सत्ताविसाव्या वर्षी. मुलीचं लग्न अठ्ठाविसाव्या वर्षी झालं. एका कागदावर ते मंगळात झालं, दुसऱ्यावर राहूत, आणि दोन्ही कागद आपापल्या पंचांगाशी प्रामाणिक आहेत. दक्षिणेत बी. व्ही. रामन यांचे अयनांश वापरणारे आहेत. ते चित्रापक्षाहून साधारण दीड अंशाने कमी, आणि त्यांच्या हिशेबाने तिला राहू तिसाव्या-एकतिसाव्या वर्षीच लागून गेला असता.

‘माझं सॉफ्टवेअर,’ काकू म्हणाल्या, ‘राहू कुठल्या तारखेला लागतो ते दिवसासकट छापतं. मशीनला काय, ते तासही छापेल. पण सहा वर्षांचा घोळ जिथे आहे तिथे दिवस कसला सांगायचा?’

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण काकूंनी जन्मवेळ विचारली. टिपणावर चार वाजून वीस मिनिटं होती, रुग्णालयाच्या कार्डावरून घेतलेली. आईला फोन लावला तर आई म्हणाली, चारच वाजले होते, तेव्हाच तर चहा आला होता. वीस मिनिटांत चंद्र अकराएक कला सरकतो, आणि शुक्राच्या दशेत त्याचे तीन महिन्यांहून थोडे जास्त होतात. तेही एक वेळ चालेल. पण लग्न, म्हणजे पूर्वक्षितिजावर उगवणारा बिंदू, चार मिनिटांत सुमारे एक अंश पुढे जातो. विवाहासाठी नवमांश कुंडली बघायची असा दंडक आहे, आणि नवमांश ३ अंश २० कलांचा. वीस मिनिटांत नवमांशलग्न बदलतंच. कृष्णमूर्ती पद्धतीत तर आणखी बारीक काम. तिथे नक्षत्राचे पुन्हा नऊ असमान भाग करतात, त्याला सब म्हणतात, आणि सप्तम भावाच्या आरंभाचा सब कुणाचा यावर विवाहाचा निकाल ठरतो. सर्वांत लहान सब रवीचा, ४० कलांचा, म्हणजे जेमतेम पावणेतीन मिनिटांचा. सर्वांत मोठा शुक्राचा, तो नऊएक मिनिटांचा. नर्सने बाळ पुसून, आईला दाखवून, मग घड्याळ बघितलं असेल तर एखाद-दुसरा सब गेलाच.

जाणकार ज्योतिषी यावर निरुत्तर होत नाहीत, हेही सांगायला हवं. ते जन्मवेळ शुद्ध करतात. आयुष्यातल्या घडून गेलेल्या घटना विचारतात, वडिलांचं निधन, नोकरी, लग्न, आणि त्या जुळेपर्यंत वेळ मागेपुढे सरकवतात. काकूही पूर्वी करायच्या. आता त्या प्रकाराकडे त्या जरा संशयानेच बघतात. ‘लग्न जुळेपर्यंत वेळ सरकवायची आणि मग त्याच वेळेवरून, बघा तुमच्या पत्रिकेत लग्न कसं बरोबर दिसतंय, असं म्हणायचं. बँकेत ताळेबंद असा जुळवला असता तर घरी बसवलं असतं मला.’

जन्मवेळेच्या या कटकटीतून सुटायला के. एस. कृष्णमूर्ती यांनी प्रश्नकुंडलीची एक युक्ती काढली. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊ सब मिळून २४३ होतात, त्यातले सहा राशीच्या सीमेवर दुभंगतात, म्हणून २४९. जातकाने मनात प्रश्न धरून १ ते २४९ मधला एक आकडा सांगायचा. त्या आकड्यावरून लग्न ठरतं, ग्रह त्या क्षणाचे घेतात, आणि कुंडली मांडतात. विवाहासाठी सप्तमाचा सब २, ७, ११ या भावांचा कार्येश आहे का बघायचं. वियोगासाठी १, ६, १०. नियम स्वच्छ आहेत आणि उत्तर होय किंवा नाही असंच येतं. महाराष्ट्रात ही पद्धत इतकी रुजली त्याचं कारण हेच असावं, हिशेबी माणसाला ती पटते.

मुलीने आकडा तयारच ठेवला होता. काकूंनी तो लिहून घेतला नाही.

मी नंतर विचारलं, का? तर त्यांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. उभे रकाने आखलेले: तारीख, प्रश्न, आकडा, दिलेलं उत्तर, पुढे काय झालं. हे रजिस्टर त्या कित्येक वर्षं ठेवतायत. नोकरीची बदली, हरवलेला दागिना, फ्लॅटचा व्यवहार, असे प्रश्न असतील तर शेवटचा रकाना सरळ भरता येतो. बदली झाली किंवा नाही झाली. नात्याच्या प्रश्नात मात्र तो रकाना त्यांना फसवायला लागला. ‘टिकणार नाही’ असं सांगितलेल्या जोड्यांपैकी पुष्कळ तुटल्या होत्या. पहिल्यांदा वाटलं, शास्त्र किती अचूक. मग एक बाई पुन्हा आल्या आणि सहज बोलून गेल्या, तुम्ही टिकणार नाही म्हणालात तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडणंच सोडून दिलं, म्हटलं, आता कशाला. जे भाकीत ऐकून माणूस वागायचं बदलतो ते खरं ठरलं की खोटं, हे रकान्यात कसं लिहिणार? बदलीचा हुकूम काढणारा साहेब काकूंचं भाकीत ऐकत नाही. नातं ज्याचं आहे तो ऐकतो.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा इथे आहे. अयनांशाचा वाद उद्या मिटला, जन्मवेळ सेकंदापर्यंत कळली, तरी ‘सोडू का?’ या प्रश्नातली ही अडचण जात नाही. पाऊस पडेल का, असं विचारणारा पावसावर परिणाम करू शकत नाही. इथे विचारणारी स्वतःच निम्मं नातं आहे. आणि उरलेलं निम्मं, म्हणजे नवरा, खोलीत नसतो. त्याची बाजू, त्याची भीती, त्याच्या ऑफिसात काय चाललंय, यातलं काहीच समोर नसताना त्याच्या पत्रिकेतल्या शुक्रावरून ‘बाहेर काहीतरी आहे’ असं बोलणारे ज्योतिषी आहेत. एका वाक्यात ते एका माणसाला आरोपी करतात, आणि त्याला ते कळतही नाही. काकू तो प्रश्न घेतच नाहीत. नवऱ्याची पत्रिका नवरा घेऊन आला तर बघेन, म्हणतात.

त्या संध्याकाळी त्यांनी काय केलं ते सांगतो. पत्रिका बाजूला सरकवून त्यांनी आधी साधे प्रश्न विचारले, आणि ते विचारण्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटला. घरात कुणी हात उगारतं का? हा पहिला. पगार कुणाच्या खात्यात जातो, घरकर्ज कुणाच्या नावावर? आईवडिलांना यातलं काय माहीत आहे? आणि मग, जरा थांबून: ‘हे तू त्याला सांगितलंयस का?’

मुलगी म्हणाली, ‘त्याला कळायला नको का?’

‘कळायला हवं ते ठीक आहे. सांगितलंस का?’

सांगितलं नव्हतं. भांडणं झाली होती, ती भांड्यांवरून आणि सासूबाईंच्या फोनवरून. ‘मला वेगळं व्हावंसं वाटतंय’ हे वाक्य तिने आजवर तीन माणसांसमोर उच्चारलं होतं, आणि तिन्ही ज्योतिषी होते.

मग काकूंनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. ‘राहू कधी लागतो ते सोड. ज्या तारखा नक्की आहेत त्या लिही.’ घरकर्जाचा हप्ता पाच तारखेला, कर्ज दोघांच्या नावावर. तिची नोकरी कायम होणार जूनमध्ये. आणि कायद्याच्या तारखा काकूंनी सांगितल्या, बँकेतल्या कर्जवसुलीमुळे त्यांना कोर्टाची भाषा येते. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारणपणे सहा महिने थांबावं लागतं. हा काळ माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे उद्या ठरवलं तरी वर्ष-दीड वर्ष हातात आहे. ‘काय ठरवायचं ते ठरव,’ काकू म्हणाल्या, ‘पण राहूच्या धाकाने नको, आणि राहूच्या भरवशावर तर नकोच.’

मुलगी जरा नाराज झाली. ते चेहऱ्यावर दिसत होतं. तिने फी देताना विचारलंच, ‘पण पत्रिकेत काय दिसतंय?’ काकूंनी मग पत्रिका उघडून सप्तमेश, शुक्र, चंद्र यांबद्दल दहा मिनिटं सांगितलं. तिच्या स्वभावाबद्दल, मनातलं बोलून न दाखवण्याबद्दल. ते सारं बरोबर होतं. अर्थात, तासभर समोर बसलेल्या मुलीबद्दल ते मलाही सांगता आलं असतं.

काकूंच्या या पद्धतीवर आक्षेप घेणारा भेटला तो ठाण्यात. हेही ज्योतिषी, तीस वर्षांचा व्यवसाय, बाहेर चपलांची रांग. त्यांना मी काकूंचं नाव न सांगता सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, ‘हे समुपदेशन झालं. त्याला माझी हरकत नाही, पण मग पाटीवर ज्योतिषी का लिहिता? माणूस उत्तराला येतो. मी उत्तर देतो. चुकलं तर येऊन शिव्या घालू शकतो मला.’ त्यांनी एका जातकाला दिलेली चिठ्ठी दाखवली. अमुक महिन्याच्या आत विभक्त व्हाल, खाली सही.

त्यांच्या बोलण्यात एक प्रामाणिकपणा आहे, तो नाकारता येत नाही. ‘ग्रहमान अनुकूल नाही, पण प्रयत्न केल्यास मार्ग निघेल’ असं बोलणारा कधीच चुकत नाही, आणि बहुसंख्य ज्योतिषी असंच बोलतात. सही करून तारीख देणारा निदान पकडला जाऊ शकतो. अडचण एवढीच की पकडलं जाणं त्यांच्या वाट्याला येतं आणि विभक्त होणं जातकाच्या. मी त्यांना विचारलं, ही चिठ्ठी पाकिटात बंद करून मुदतीनंतर उघडायला का देत नाही? भाकीत तपासलंही जाईल आणि संसारात लुडबूडही होणार नाही. ते हसले. ‘बंद पाकिटाचे पैसे कोण देणार?’

बंद पाकिटासारख्या चाचण्या झालेल्या आहेत. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह महाराष्ट्रातल्या ज्योतिषांपुढे एक चाचणी ठेवली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका, त्यांतल्या एकूण चाळीस प्रत्येक ज्योतिषाला, कुठली कुठल्या गटातली ते सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. आपल्या विषयाला जवळची चाचणी अमेरिकेतली. बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी मिशिगन राज्यातली १९६७ आणि १९६८ मधली २,९७८ लग्नं आणि ४७८ घटस्फोट घेऊन पती-पत्नींच्या सूर्यराशी ताडून पाहिल्या. जुळणाऱ्या मानलेल्या राशींची लग्नं जास्त झालेली नव्हती, न जुळणाऱ्यांचे घटस्फोटही जास्त नव्हते. ठाण्याचे ज्योतिषी यावर म्हणाले, सूर्यराशीवरून आम्ही लग्न बघतच नाही. बरोबर आहे. पण आपल्याकडे ज्यावरून बघतात तो मंगळ घ्या. १, ४, ७, ८, १२ यांपैकी एका स्थानी मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारातली पाच स्थानं. काही जण ते लग्नाबरोबर चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तिन्हीकडून मोजलं तर साध्या संभाव्यतेने दर दहांतल्या जवळपास आठ पत्रिका कुठून ना कुठून मंगळाच्या निघतात. मोडलेल्या लग्नात मंगळ सापडला यात मग नवल काय? टिकलेल्यांत कुणी शोधायला जात नाही एवढंच.

हा सगळा हिशेब शांत घरांपुरता आहे. काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं सगळं बदलतं, आणि या बाबतीत मला कुठलीही दुसरी बाजू मान्य नाही. अशी एक बाई काकूंकडे आली होती. तिला आधीच्या ज्योतिषांनी साडेसातीचा शेवटचा अडीच वर्षांचा टप्पा राहिलाय, शनिवारी तेल घाला, म्हणून सांगितलं होतं. साडेसाती ही चंद्राच्या आधीच्या, त्या आणि पुढच्या राशीतून शनी जाईपर्यंतची साडेसात वर्षं. कुठल्याही क्षणी बारा राशींपैकी तीन राशींचे लोक तिच्यात असतातच. त्या बाईचा नवरा तिला मारत होता, आणि तिला सोसायला अडीच वर्षांची मुदत बांधून मिळाली होती. मार कमी होण्याची तारीख म्हणून ती शनीकडे बघत होती.

अशा वेळी पत्रिका उघडायचीच नाही, हा काकूंचा नियम. मोबाइल हातात घ्यायचा. तातडीचं असेल तर ११२, नाहीतर महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, राहत्या घरातून काढू नये असा आदेश मिळू शकतो, आणि लग्न न करता नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. हे शेवटचं ज्योतिषांना तर माहीत असायलाच हवं, कारण अशा मुली घरी सांगू शकत नाहीत आणि अनेकदा पत्रिका घेऊन मैत्रिणीबरोबर येतात. आणखी एक गोष्ट काकू पाळतात. निघायचं ठरलंय असं त्या बाईने सांगितलं तर ‘आधी त्याच्याशी बोल’ हा सल्ला त्या देत नाहीत. शांत घरात जो सल्ला पहिला, तोच इथे धोक्याचा. मारणाऱ्याला बायको जाणार हे आधी कळणं हाच सर्वांत वाईट क्षण ठरू शकतो. आधी कागदपत्रं, थोडे पैसे, माहेरचं किंवा मैत्रिणीचं घर, मग बाकीचं.

एवढं सगळं करून काकू ज्योतिषी उरतात का, हा ठाण्याच्या गृहस्थांचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वराहमिहिराचं उदाहरण दिलं. बृहत्संहितेचा दुसरा अध्याय ज्योतिषी कसा असावा याबद्दलच आहे. गणित यायला हवं यावर त्यात किती भर दिलाय ते बघा, म्हणाल्या. ‘गणित येणाऱ्याला चूक किती असू शकते तेही यायला नको?’ हे मला पुरतं पटलं नाही. आपल्या गणिताची चूक सहा वर्षांची आहे हे कळल्यावरही दुकान उघडं ठेवायचं, हे मला बँकवाल्या बाईकडून अपेक्षित नव्हतं. तसं मी बोललो. त्या म्हणाल्या, ‘मी दुकान बंद केलं तर ती मुलगी चौथ्या ज्योतिषाकडे जाईल. वकिलाकडे नाही जाणार.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती मुलगी चार महिन्यांनी परत आली. मधल्या काळात तिने नवऱ्याला सांगितलं होतं. तो आधी चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला की त्यालाही दोन वर्षं असंच वाटतंय, पण मित्राने सुचवलेल्या एका ज्योतिषांनी त्याच्या आईला सांगितलं होतं की मूल झालं की सगळं ठीक होईल. दोघं चार वेळा समुपदेशकाकडे जाऊन आली. काही बदललं, पुरेसं नाही. आता सहा-आठ महिने वेगळं राहून बघायचं ठरलं होतं, घटस्फोटाचं अजून नाही. तिने वारज्यात अकरा महिन्यांच्या करारावर एक खोली बघितली होती, आणि ती काकूंना दिवस विचारायला आली होती. सामान कधी हलवू?

हा प्रश्न काकूंनी लगेच घेतला. मुहूर्ताला त्यांची ना नसते, कारण तिथे काय करायचं ते माणसाने आधीच ठरवलेलं असतं. त्यांनी दाते पंचांग उघडलं, बोट फिरवलं, अमावास्या तेवढी टाळ म्हणाल्या. मग विचारलं, टेंपो कधी मिळतोय? टेंपोवाला रविवारचे जास्त घेतो, असं मुलगी म्हणाली. काकूंनी शनिवार काढून दिला.